पोटरी बेताची, मांडी सुजलेली: गरोदरपणातल्या एका गुठळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ३४ वर्षांची, दुसऱ्या खेपेची गरोदर. पहिलं बाळंतपण नॉर्मल झालं होतं. घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेला नव्हता, बीपी ठीक, साखर ठीक. नोंदणीच्या वेळी वजन ७४ किलो आणि उंची १५४ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय ३१ च्या आसपास. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तक्रारींचा आणि तपासण्यांचा क्रम तसाच ठेवला आहे.

सत्ताविसाव्या आठवड्यात तिला उलट्या-जुलाब झाले. आठवडाभर ती जवळजवळ अंथरुणावरच होती आणि पाणी फार कमी जात होतं. त्यातून बरी झाल्यावर लगेच तिने सात तासांचा कारचा प्रवास केला, तोही फारसं न थांबता. बीएमआय ३० च्या वर, अंगातलं पाणी कमी झालेलं, आठवडाभर पडून राहणं आणि लांबचा बसून प्रवास. सुटं पाहिलं तर यातल्या एकाही गोष्टीने कुणी दचकणार नाही. पण एका गरोदर स्त्रीत त्या पंधरा दिवसांच्या आत एकत्र आल्या होत्या आणि तिच्या कागदांवर कुठेच एका ओळीत लिहिलेल्या नव्हत्या.

गरोदरपणात रक्त गोठण्याकडे कल वाढतो. बाळंतपणात होणारा रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीराने केलेली ती तयारी असते. फायब्रिनोजेनसारखे गोठवणारे घटक वाढतात आणि गोठणं रोखणारं प्रोटीन एस कमी होतं. त्याच वेळी संप्रेरकांमुळे शिरा सैल पडतात आणि वाढतं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देतं. त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या स्त्रीच्या तुलनेत गुठळीचा धोका साधारण चार ते पाच पट होतो. तरीही दर हजार गरोदरपणांत एक किंवा दोन स्त्रियांनाच हा त्रास होतो. नेमकं याच कारणाने तो नजरेतून सुटतो: पायाला सूज आणि थोडी धाप या तक्रारी घेऊन रोज अनेक जणी येतात आणि त्यांपैकी बहुतेकींना काहीच झालेलं नसतं.

तक्रार कशी सुरू झाली

एकोणतिसावा आठवडा संपत असताना, एका सोमवारी, तिच्या डाव्या कुल्ल्यात आणि जांघेत दुखायला लागलं. पोटरीत नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पायातल्या गुठळीचं जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं ते पोटरीचं असतं: लाल, गरम, दुखरी, सुजलेली पोटरी. गरोदरपणातल्या बऱ्याच गुठळ्या मात्र त्याच्या वर, मांडीच्या आणि ओटीपोटाच्या मोठ्या शिरांत होतात. मग दुखणं जांघेत, कुल्ल्यात, कंबरेच्या खालच्या भागात किंवा ओटीपोटात एका बाजूला जाणवतं, आणि पोटरी सुरुवातीला बऱ्यापैकी नेहमीसारखी दिसू शकते.

बाजूही डावी होती. गरोदरपणात पायाच्या गुठळ्या बहुतांशी डाव्याच बाजूला होतात, दहांपैकी आठांहून अधिक. डाव्या पायाचं रक्त वर नेणारी मुख्य शीर ओटीपोटात उजव्या धमनीच्या खालून जाते. धमनी टणक, शीर मऊ, त्यात वरून गर्भाशयाचं वजन. पाण्याच्या नळीवर कुणी पाय ठेवून उभं राहावं तसा तिथे प्रवाह मंदावतो.

तिला स्वतःला ते कंबरेचं दुखणं वाटलं. पहिल्या खेपेलाही कंबर धरायची. घरी सासूबाईंनी पाय चोळून दिले, उशी खाली घेऊन झोपायला सांगितलं. बुधवारी तिच्या लक्षात आलं की पँट डाव्या मांडीला घट्ट बसते आहे, उजवीकडे तीच पँट सैल आहे. सकाळी उठल्यावरही तसंच होतं.

नेहमीची गरोदरपणाची सूज दोन्ही पायांवर असते, घोट्यांपाशी जास्त असते, संध्याकाळी वाढते आणि रात्री पाय वर करून झोपलं की बरीच उतरते. हिची सूज एका पायाला होती, मांडीपर्यंत होती आणि रात्रीत उतरली नव्हती. चोळण्याबद्दलही सांगायला हवं: एका पायाला नवी सूज आणि दुखणं असेल तर निदान होईपर्यंत तो पाय चोळू नये. गुठळीचा तुकडा सुटण्याची भीती असतेच. शिवाय चोळून थोडं बरं वाटलं की दवाखान्यात जाणं आणखी दोन दिवस लांबतं.

पहिला निर्णय: कंबर की शीर?

गुरुवारी ती जवळच्या दवाखान्यात गेली. तिथे कंबरेची नस दबल्याचं निदान झालं. गोळ्या आणि विश्रांती. पोटरीवर हात फिरवून पाहिला गेला, ती मऊ होती. मांडी पाहिली गेली नाही.

या टप्प्यावर तीन शक्यता होत्या. कंबरेतली नस दबली असेल तर कळ साधारणपणे गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत उतरते, मुंग्या येतात, बसण्या-वळण्याने कमी-जास्त होते, आणि मुख्य म्हणजे पाय सुजत नाही. दुसरी शक्यता ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं. ते पुढे किंवा मागे सांध्यापाशी असतं, कूस बदलताना आणि जिना चढताना चमक मारते. त्यातही सूज नाही. तिसरी शक्यता शिरेतली गुठळी: सतत जड, ताणल्यासारखं दुखणं, उभं राहिलं की वाढणारं, आणि सोबत एका पायाची सूज. हिला मुंग्या नव्हत्या, कूस बदलताना वेगळी चमक नव्हती. पाय भरून आल्यासारखा वाटतो, उभं राहवत नाही, असं ती सांगत होती.

दोन पाय उघडे ठेवून समोरासमोर बघितले असते आणि मोजपट्टी लावली असती तर गुरुवारीच दिशा बदलली असती. पुढे आमच्याकडे ती आली तेव्हा आम्ही मोजलं. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली पोटरीचा घेर मोजला तर डाव्या-उजव्यात फरक जेमतेम एक सेंटीमीटर होता. वाटीच्या वर पंधरा सेंटीमीटरवर मांडीचा घेर मोजला तर फरक चार सेंटीमीटर. गरोदर स्त्रीत पोटरीच्या घेरात दोन सेंटीमीटर किंवा अधिक फरक संशयास्पद मानतात. फक्त पोटरी मोजली असती तर हा आकडा तिला खोटा दिलासा देऊन गेला असता.

दुसरा निर्णय: रिपोर्ट नॉर्मल आला, आता?

शुक्रवारी दुखणं वाढलं. ती दुसऱ्या ठिकाणी गेली आणि तिथल्या डॉक्टरांनी मात्र लगेच गुठळीचा विचार केला. पायाची डॉप्लर सोनोग्राफी सांगितली, आणि ती होईपर्यंत रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचं एक इंजेक्शनही दिलं. हे बरोबर होतं. संशय दाट असेल आणि रक्तस्रावाचा विशेष धोका नसेल तर तपासणी होईपर्यंत औषध रोखून धरायचं नसतं.

सोनोग्राफीचा रिपोर्ट आला: मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या शिरा दाबल्यावर पूर्ण मिटतात, गुठळी नाही. इंजेक्शन बंद झालं. तिला सांगण्यात आलं, “रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी करू नका.” ती घरी गेली.

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची जागा ही आहे, म्हणून इथे जरा थांबू.

या तपासणीत सोनोग्राफीच्या प्रोबने शीर दाबतात. निरोगी शीर दाबाखाली मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. जांघेपासून खाली ही युक्ती उत्तम चालते. पण ओटीपोटातली शीर खोल असते, वर गर्भाशय असतं, तिथे प्रोबने दाबणं शक्य नसतं. म्हणजे हिचं दुखणं जिथे सुरू झालं होतं, नेमका तोच भाग या तपासणीत पाहिला गेलेला नव्हता. रिपोर्ट खोटा नव्हता. त्यात पाहिलेल्या शिरांपुरताच तो खरा होता, आणि वाचताना तो सगळ्या पायाचा म्हणून वाचला गेला.

वरच्या शिरेचा अंदाज काही प्रमाणात जांघेतूनही घेता येतो. जांघेतल्या शिरेतला प्रवाह श्वासाबरोबर कमी-जास्त होतो. वर अडथळा असेल तर ही चढउतार नाहीशी होते आणि प्रवाहाची रेघ सपाट दिसते. एकाच बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला नेहमीची असेल तर संशय बळावतो. मात्र उताणं झोपवल्यावर गर्भाशयाच्या दाबानेही रेघ सपाट होऊ शकते, म्हणून बाईला डाव्या कुशीवर वळवून ती पुन्हा बघावी लागते. हिच्या रिपोर्टमध्ये या प्रवाहाचा उल्लेखच नव्हता, ना होकारार्थी ना नकारार्थी.

त्या संध्याकाळी डॉक्टरांपुढे कोणते पर्याय होते?

एक, रिपोर्ट मानायचा आणि थांबायचं. संशय किरकोळ असता तर हे चाललं असतं. दोन, डी-डायमर नावाची रक्ततपासणी. गरोदरपणात ही पातळी तशीही वाढलेली असते, सातव्या-आठव्या महिन्यात तर बहुतेकींची. त्यामुळे ती वाढलेली आली तरी काही सिद्ध होत नाही, आणि पाय डोळ्यांदेखत सुजलेला असताना केवळ या आकड्यावर विसंबून थांबणंही योग्य नाही. तीन, ठरलेल्या तारखांना सोनोग्राफी पुन्हा करायची. संशय कायम असेल तर साधारणपणे तिसऱ्या आणि सातव्या दिवशी ती परत करतात, कारण छोटी गुठळी मधल्या दिवसांत पसरून दिसण्याजोगी होते. चार, ओटीपोटातल्या शिरांचा एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात आणि पायाच्या वरच्या भागाचं थेट चित्र मिळतं.

पूर्ण पायाला सूज, कुल्ल्यात आणि जांघेत दुखणं, बाजू डावी, आणि खालच्या शिरा स्वच्छ. या चौकटीत माझ्या मते चौथा पर्याय पहिला असायला हवा होता, आणि तो लगेच होणार नसेल तर तो होईपर्यंत हेपॅरिन चालू ठेवायला हवं होतं. काही सहकारी म्हणतील की नॉर्मल रिपोर्टनंतर इंजेक्शन थांबवून तिसऱ्या दिवशी परत बघणं हे शिस्तीत बसतं. बसतंही. पण ती शिस्त तेव्हाच पुरी होते जेव्हा तिसऱ्या दिवसाची तारीख रुग्णाच्या हातात असते. हिच्या हातात ती नव्हती. इंजेक्शन थांबलं आणि पुढची तारीखही नाही, अशी ती दोन्हींच्या मधोमध घरी गेली.

धाप

शनिवार-रविवार दुखणं जरा कमी वाटलं. सोमवारी रात्री ती बहिणीशी फोनवर बोलत होती. बहीण म्हणाली, “तू मध्येच का थांबतेयस? चालतेयस का?” ती पलंगावर बसलेली होती. एक वाक्य पूर्ण करायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली सुरी टोचल्यासारखं दुखत होतं. तिने आधी ते गॅसवर ढकललं, मग बाळाच्या लाथेवर.

गरोदरपणात धाप लागते, यात खोटं काही नाही. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास खोल होतो आणि अनेकींना पहिल्या-दुसऱ्या तिमाहीपासूनच हवा अपुरी पडल्यासारखी वाटते. पण ती धाप हळूहळू, आठवड्यांनी वाढत येते. जिना चढताना जाणवते, बसलं की निवते. ती छातीत टोचत नाही आणि बोलताना वाक्य तोडत नाही. अशा धापेत नाडी थोडीशीच वाढलेली असते, श्वासांची गती जवळपास पूर्वीइतकीच राहते आणि ऑक्सिजन ९५ च्या खाली जात नाही.

पायातल्या शिरेतून सुटलेली गुठळी हृदयातून पुढे जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकते तेव्हा चित्र वेगळं असतं. धाप अचानक येते, बसल्या जागीही राहते. खोल श्वासाला टोचतं. कधी खोकला येतो, कधी थुंकीत रक्त दिसतं, कधी छातीत धडधडून चक्कर येते किंवा शुद्ध हरपते. यातलं सगळं एकाच वेळी असेल असं नाही. कित्येकींना फक्त धाप आणि वाढलेली नाडी एवढंच असतं. घरच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसलं म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही, कारण लहान गुठळीत ऑक्सिजन व्यवस्थित राहू शकतो. गरोदर बाईला बसल्या जागी नव्याने धाप, श्वासाबरोबर छातीत कळ, थुंकीत रक्त किंवा भोवळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता तडक मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं असतं. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांनाही हेच लागू होतं. तेव्हा तर रोजचा धोका गरोदरपणापेक्षाही जास्त असतो.

ती आली ते बहिणीमुळे. बहिणीने तिच्या नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाली, “भाऊजी, गाडी काढा. सकाळपर्यंत थांबू नका.”

आमच्याकडे काय केलं

रात्री साडेअकराला तपासलं तेव्हा नाडी ११८, श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन ९४, रक्तदाब ११०/७०. बाळाचे ठोके ठीक. डाव्या मांडीवरची कातडी ताणलेली, किंचित जांभळट. मांडीतला चार सेंटीमीटरचा फरक याच वेळी मोजला.

रक्तदाब टिकून होता हे फार मोलाचं. तो घसरला असता तर प्रकरण वेगळ्याच वाटेने गेलं असतं: गुठळी विरघळवणारी औषधं, अतिदक्षता विभाग आणि रक्तस्रावाचा मोठा धोका. पलंगाशीच केलेल्या इकोमध्ये हृदयाचा उजवा भाग फुगलेला दिसला नाही. ईसीजीत नाडी वेगवान असण्यापलीकडे काही नव्हतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. तो फुप्फुसातली गुठळी दाखवत नाही. न्यूमोनिया किंवा फुप्फुसाभोवती साठलेली हवा यांसारखी दुसरी कारणं बाजूला काढण्यासाठी तो काढतात.

रक्ताचे नमुने घेतल्यावर लगेच, कुठल्याही स्कॅनच्या आधी, कमी रेणुभाराच्या हेपॅरिनचं इंजेक्शन दिलं: एनॉक्सापॅरिन ८० मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, नोंदणीच्या वेळच्या वजनाप्रमाणे. हे औषध वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचत नाही, म्हणूनच गरोदरपणात तेच वापरतात. वॉरफरिन वार ओलांडतं. पहिल्या तिमाहीत त्यामुळे बाळात व्यंग येऊ शकतं आणि पुढे बाळाला रक्तस्राव होऊ शकतो. नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना टाळतात.

मग प्रश्न आला की आधी कोणता स्कॅन. तिचा नवरा बाहेर उभा होता. त्याने विचारलं, “छातीचा सीटी करावा लागला तर बाळाला काही होईल का, डॉक्टर?” त्याला जे सांगितलं ते असं: छातीच्या सीटीत किंवा फुप्फुसाच्या आयसोटोप स्कॅनमध्ये बाळापर्यंत पोहोचणारं किरणोत्सर्जन साधारणपणे एक मिलिग्रेपेक्षाही कमी असतं, आणि बाळात व्यंग येण्याची चिंता पन्नास मिलिग्रेच्या पुढे सुरू होते. सीटीत आईच्या स्तनांना मात्र जास्त मात्रा जाते, तो हिशेब आयसोटोपच्या बाजूने झुकतो. गरज असेल तर यातलं काहीही बाळाच्या भीतीने टाळायचं नसतं. आईच्या फुप्फुसात गुठळी राहून जाणं बाळालाही कितीतरी जास्त घातक असतं.

पण पायाला लक्षणं असताना एक सोपी वाट असते: आधी पायाची सोनोग्राफी. तिथे गुठळी सापडली तर उपचार दोन्हींचा एकच असतो, मग छातीचा स्कॅन अनेकदा लागत नाही. आम्ही तीच वाट घेतली. या वेळी जांघेतली मोठी शीर दाबल्यावर मिटली नाही. शुक्रवारी ती स्वच्छ होती. वरची गुठळी दरम्यानच्या दिवसांत खाली जांघेपर्यंत उतरली होती. डाव्या कुशीवर वळवूनही प्रवाहाची रेघ सपाटच राहिली. उजवीकडे ती श्वासाबरोबर हलत होती.

पायातली गुठळी सिद्ध झाली, धाप आणि छातीतली कळ तिच्याशी जुळत होती. फुप्फुसातल्या गुठळीचं निदान धरून उपचार चालू ठेवले. सीटी केला नाही.

परिणाम

चौथ्या दिवशी नाडी शंभराच्या खाली आली, चालताना ऑक्सिजन ९६ राहू लागला. पोटाच्या कातडीत इंजेक्शन कसं घ्यायचं ते ती स्वतः शिकली. पाचव्या दिवशी घरी गेली. पहिले काही दिवस इंजेक्शनच्या जागी काळेनिळे डाग पडत, त्याची तिला भीती वाटायची; बाजू बदलत राहिल्यावर ते कमी झाले. पूर्ण विश्रांती सांगितली नाही. औषध सुरू झाल्यावर जमेल तसं चालणंच बरं असतं.

प्रसूतीची आखणी छत्तिसाव्या आठवड्यात प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांनी एकत्र बसून केली. उपचाराच्या मात्रेतलं इंजेक्शन घेतल्यावर चोवीस तास गेल्याशिवाय पाठीतून भूल देता येत नाही, कारण मणक्याजवळ रक्त साठण्याचा धोका असतो. म्हणून एकोणचाळिसाव्या आठवड्यात तारीख ठरवून, आदल्या दिवशीचं शेवटचं इंजेक्शन घेऊन, मग कळा सुरू केल्या. त्याआधीच कळा आल्या तर पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही आणि थेट यायचं, हेही तिला लिहून दिलं होतं. नॉर्मल प्रसूती झाली, रक्तस्राव नेहमीइतकाच. गुठळी प्रसूतीच्या आठ-नऊ आठवडे आधी सापडली म्हणून हे इतकं सरळ गेलं. शेवटच्या दोन आठवड्यांत सापडली असती तर औषध थांबवणंच धोक्याचं झालं असतं.

हेपॅरिन प्रसूतीनंतर सहा आठवडे चालू ठेवलं. किमान एकूण तीन महिने आणि प्रसूतीनंतर किमान सहा आठवडे, असा नियम आहे. हिच्या बाबतीत दोन्ही पुरे झाले. अंगावर पाजण्यात काही अडचण नव्हती. रक्त गोठण्याच्या अनुवंशिक दोषांच्या तपासण्या मुद्दाम गरोदरपणात केल्या नाहीत. प्रोटीन एस तेव्हा तसंही कमी असतं आणि नसलेला दोष कागदावर उमटतो.

फुप्फुस पूर्ववत झालं. पाय पूर्ण नाही. वर्षभरानेही संध्याकाळी डावी मांडी जड होते आणि घोट्यावर थोडी सूज येते. शिरेतल्या झडपांना झालेल्या इजेचा हा परिणाम असतो, आणि गुठळी जितकी वरच्या शिरेत तितकी त्याची शक्यता जास्त. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तिला आता चालणार नाहीत. पुढच्या गरोदरपणात सुरुवातीपासून प्रतिबंधक मात्रेत हेपॅरिन घ्यावं लागेल, हे तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

आजारपणानंतर ती तपासणीला आली असती, किंवा तिला फोन गेला असता, तर धोक्याची बेरीज तेव्हाच झाली असती. गुठळीच्या धोक्याचं मोजमाप बहुतेक ठिकाणी नोंदणीच्या वेळी एकदा होतं आणि मग बाळंतपणाला. मधल्या काळात उलट्या-जुलाब, अंगावरचा ताप, रुग्णालयात दाखल होणं किंवा पायाला प्लास्टर, यातलं काही झालं की ते परत करायला हवं. बेरीज केली असती तर इंजेक्शन द्यावंच लागलं असतं असं नाही. पण प्रवास पुढे ढकलणं, निदान दर तासा-दीड तासाला उतरून चालणं आणि पाणी पीत राहणं एवढं तरी झालं असतं.

गुरुवारच्या दवाखान्याबद्दल माझं म्हणणं मर्यादित आहे. गर्दीच्या ओपीडीत कंबरदुखी म्हणून आलेल्या गरोदर बाईत गुठळी आठवणं अवघड असतं. मात्र “दोन्ही पाय सारखे आहेत का?” हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि उत्तर तिच्याकडे होतं. पँटची गोष्ट तिने आम्हाला सांगितली ती आम्ही विचारल्यावर. आपणहून ती कुणाला सांगितली नव्हती, कारण गरोदरपणात कपडे घट्ट होणारच असं तिला वाटत होतं.

शुक्रवारच्या रिपोर्टवर कोणत्या शिरा पाहता आल्या नाहीत ही एक ओळ असती तर पुढच्या डॉक्टरांचा निर्णय बदलला असता. आता आमच्या विभागात गरोदर बाईच्या डॉप्लरची मागणी करताना दुखणं नेमकं कुठे आहे ते लिहितो, आणि सोनोग्राफी करणारे डॉक्टर जांघेतल्या प्रवाहाची दोन्ही बाजूंची नोंद करतात. रिपोर्ट नॉर्मल येऊनही संशय उरला तर रुग्णाला पुढच्या सोनोग्राफीची तारीख कागदावर दिल्याशिवाय सोडत नाही, आणि धापेच्या खुणा नवऱ्याला किंवा सोबत आलेल्या माणसालाही सांगतो.

एका मुद्द्यावर आमच्यातच अजून दुमत आहे. छातीचा स्कॅन न करणं योग्य होतं का? उपचार बदलणार नव्हते, म्हणून केला नाही. पण एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की गुठळी किती मोठी होती याची नोंद असती तर पुढे कधी तिला पुन्हा धाप लागली तर जुनं आणि नवं वेगळं करता आलं असतं. उपचार संपताना इको पुन्हा केला, तो नॉर्मल होता, त्यामुळे हिच्यापुरता प्रश्न मिटला. ऑक्सिजन आणखी कमी असता किंवा उजव्या हृदयावर ताण दिसला असता तर मीही त्या रात्री स्कॅनच्याच बाजूने असतो.